परदेशी पुड्यावरची राई



तिसगावसारख्या गावात परदेशी खाऊचं आता कोणाला नवल राहिलेलं नाही. कोणाचा भाचा दुबईला असतो, कोणाची लेक नवऱ्याबरोबर जर्मनीत राहते, कोणाचा पुतण्या अमेरिकेत नोकरीला आहे. ही मंडळी दिवाळीला, नाहीतर मढीच्या यात्रेला गावी येतात, बॅगा उघडतात, आणि घरातल्या पोरांच्या हातात चकचकीत पुडे पडतात. काही पुडे शहरातल्या मोठ्या दुकानांतूनही येतात. पुड्यावरचं वाचायचं कोणी? बहुधा शेजारच्या गुरुजींनी, नाहीतर दहावीतल्या नातीनं. "गुरुजी, एवढं बघा बरं, आमच्या चिमीला हे चालंल का?" असं आजी विचारते, आणि गुरुजी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचू लागतात.

त्या क्षणी गुरुजी भाषांतरकार झालेले असतात. त्यांच्या हातून एखादा शब्द इकडचा तिकडे झाला, तर त्याचा परिणाम परीक्षेच्या गुणांवर होत नाही. तो त्या मुलीच्या पोटात होतो. आज मी बोलणार आहे ते या दोन-चार शब्दांविषयी.

हे काम घराघरात का करावं लागतं, तेही सांगतो. आपल्या देशातल्या २०२० च्या खाद्यपदार्थ लेबलाच्या नियमांप्रमाणे पुड्यावरचा आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की पुरे. मराठीत तो असावाच अशी सक्ती नाही. दुकानदाराला वाटलं तर जास्तीची भाषा घालता येते, एवढंच. आणि पाहुण्याच्या बॅगेतून आलेल्या पुड्याला तर आपला नियम लागूच होत नाही. तो ज्या देशात विकला गेला, त्या देशाच्या चालीप्रमाणे लिहिलेला असतो.

आता या चिमीला काय होतं ते पाहू. चिमी म्हणजे कोणी खरी मुलगी नव्हे, समजुतीसाठी घेतलेलं नाव. तिचं वजन वाढेना, पोट फुगे, सारखी हगवण लागे, रक्त कमी झालं. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, हिला सीलिॲक नावाचा आजार आहे, गहू बंद करा. घरात सगळे याला 'गव्हाची ॲलर्जी' म्हणतात. खरं पाहता ही ॲलर्जी नव्हे. गव्हामध्ये ग्लुटेन नावाचा चिकट अंश असतो. कणीक मळल्यावर जी लवचीक होते, ती त्याच्यामुळंच. या आजारात तो अंश आतड्याच्या आतल्या अस्तराची हळूहळू नासाडी करतो. तेव्हा चिमीला चपाती नाही, बिस्किट नाही, पाव नाही, शिरा नाही. पण बाजरीची भाकरी आहे, ज्वारीची आहे, भात आहे. आपल्या पाथर्डी तालुक्यातल्या मुलीचं त्यावर उत्तम चालतं.

जर्मनीतली मावशी येते आणि एक पुडा आणते. आत पापडासारखे कडक, तपकिरी पावाचे तुकडे. मावशी म्हणते, "अगं, यात गहू नाहीच मुळी, मी पाहून आणलंय." पुड्यावर इंग्रजीतही मजकूर आहे. समजा तो असा आहे : राय फ्लोअर, सेसमी सीड्स, व्हे पावडर, बार्ली माल्ट एक्स्ट्रॅक्ट, यीस्ट, सॉल्ट. खाली एक ओळ : मे कंटेन नट्स अँड पीनट्स.

नातीनं वहीच्या पानावर देवनागरीत उतरवून घेतलं : 'राई पीठ, तीळ, निवळीची पावडर, जवाचा अर्क, यीस्ट, मीठ. दाणे असू शकतात.' आजीनं वाचलं. राई म्हणजे मोहरी. ती तर आपण रोज फोडणीला घालतो. गहू कुठंच नाही. दे पोरीला.

श्रोतेहो, या एका ओळीत किती घोटाळे आहेत ते एकेक करून पाहू.

पहिली राई. इंग्रजीत जिला 'राय' म्हणतात, ते थंड मुलखातलं धान्य आहे. दिसायला गव्हासारखं, जरा लांबट आणि काळपट. ते गव्हाच्या नात्यातलं आहे, आणि चिमीला ते गव्हाइतकंच बाधतं. आपल्याकडं ते पिकत नाही, म्हणून त्याला आपल्या बोलीत नाव नाही. मग लिहिणारा इंग्रजी उच्चार जसाच्या तसा घेतो आणि 'राई' लिहितो. पण मराठीत राई हा शब्द रिकामा पडलेला नाही ना! ती बारीक मोहरी. राईचा पर्वत आपण लहानपणापासून ऐकतो. हिंदीतही राई म्हणजे मोहरीच. तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात शंकाच उठत नाही. न समजणारा शब्द असता तर आजीनं थांबून विचारलं असतं. हा शब्द समजला, म्हणून ती थांबली नाही. माझ्या मते भाषांतरातली सगळ्यांत वाईट चूक ती हीच. अनोळखी शब्द वाचणाऱ्याला थांबवतो. ओळखीचा पण चुकीचा शब्द त्याला बेलाशक पुढं जाऊ देतो.

दुसरा शब्द बार्ली. कोशात पाहिलं तर 'जव' किंवा 'सातू' मिळेल, आणि ते बरोबरच आहे. पण आपल्या भागात किती घरांत आज जव येतो? वाचणाऱ्याच्या ओळखीचं आहे ते जवस. त्याची आपण चटणी करतो. आणि ओळखीची आहे ती ज्वारी, जिला बोलताना कितीतरी माणसं 'जवारी' म्हणतात. 'जवाचा अर्क' हे वाचून कोणाला जवस आठवेल, कोणाला जवारी. दोन्ही चिमीला चालणाऱ्या वस्तू. जव मात्र चालत नाही. तोही गव्हाच्याच नात्यातला. आणि 'माल्ट' म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य. नुसतं माल्ट लिहिलेलं असलं तरी ते बहुधा जवाचंच असतं, हे ध्यानात ठेवावं.

जाता जाता आणखी एक सांगतो. ग्लुटेन आणि ग्लुकोज हे दोन शब्द कानाला जवळजवळ सारखे लागतात. 'ग्लुटेन नसलेलं' असं कोणी मोठ्यानं वाचलं आणि ऐकणाऱ्यानं 'ग्लुकोज' ऐकलं, असं सहज होतं. त्याचा साखरेशी काही संबंध नाही. आपल्या नियमात, आणि बाहेरही, किलोमागं २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसेल तरच पुड्यावर ते शब्द छापता येतात. म्हणजे चिमटीएवढासुद्धा मान्य नाही.

या आजाराची अडचण अशी, की चूक लगेच कळत नाही. चिमीनं तो कडक पाव खाल्ला आणि रात्री काहीच झालं नाही. घरचे म्हणतात, "बघा, चाललं की!" मग रोज एक तुकडा. आतडं आतून झिजत राहतं, आणि तीन-चार महिन्यांनी रक्त पुन्हा उतरल्याचं दिसतं. तोवर पुडा केव्हाच कचऱ्यात गेलेला असतो. 'खाऊन पाहिलं, काही झालं नाही' हा पुरावा इथं चालत नाही.

आता त्या खालच्या ओळीकडं येऊ. इथं गोष्ट वेगळी आहे, कारण इथं माणूस मिनिटांत संकटात सापडतो. ही खरी ॲलर्जी. कोणाला शेंगदाण्याची असते, कोणाला काजू-अक्रोडाची, कोणाला दुधाची, अंड्याची, माशाची, तिळाची. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या काही माणसांना एका दाण्याच्या शंभराव्या हिश्श्याइतका अंशही पुरतो.

पुड्यावर दोन शब्द आहेत, नट्स आणि पीनट्स. पीनट म्हणजे आपला भुईमूग. तो शेंगावर्गातला, तुरी-हरभऱ्याच्या कुळातला. नट्स म्हणजे झाडावरची कठीण कवचाची फळं : बदाम, काजू, अक्रोड, पिस्ता आणि परदेशातलं हेझलनट. ज्याला भुईमूग बाधतो त्याला बदाम बाधेलच असं नाही, आणि उलटही नाही. म्हणून पुड्यावर दोन्ही वेगळे छापतात. आणि आपण काय लिहिलं? 'दाणे.' आपल्याकडं दाणे म्हणजे शेंगदाणे. काजूची ॲलर्जी असलेल्या मुलाची आई हे वाचून म्हणेल, "आमच्याला दाणे चालतात."

बरं, दुसरा कोणी 'नट्स'ला सुकामेवा म्हणेल. तेही जमत नाही. सुकामेव्यात मनुका, खारीक, जर्दाळू येतात, त्यांचा इथं संबंध नाही. आणि शेंगदाण्याला सुकामेवा कोणी म्हणत नाही. तेव्हा एका शब्दात भागवण्याचा मोह सोडावा आणि फळांची नावंच लिहावीत. जागा थोडी जास्त जाईल, जाऊ द्या.

भुईमुगाच्या नावानं तर भाषेभाषेत गंमत करून ठेवली आहे. हिंदी पुड्यावर 'मूंगफली' असतं. आपला पाचवीतला मुलगा ते मुगाच्या शेंगा म्हणून वाचेल, आणि त्याला दोष देता येणार नाही. आखाती देशांतल्या पुड्यावर अरबीत जे लिहितात त्याचा उच्चार 'फूल सुदानी' असा होतो. म्हणजे शब्दाला शब्द घेतला तर सुदानी पावटा. पण तो पावटा नव्हे, भुईमूगच. आणि मराठी कानाला 'फूल' म्हटलं की झाडाचं फूल आठवणार! जर्मन माणूस त्याला 'भुईतलं कवचफळ' अशा अर्थाचं नाव देतो. ते मात्र आपल्या भुईमुगाशी जुळतं.

दुधाविषयी थोडक्यात सांगतो. 'व्हे' म्हणजे दूध नासवून छना काढल्यावर जे पाणी उरतं ते. कोशातून 'निवळ' घेऊन नातीनं 'निवळीची पावडर' लिहिलं. आपल्याकडं निवळीच्या बिया गढूळ पाणी स्वच्छ करायला वापरत असत. जुन्या माणसाला तीच आठवेल, दूध आठवणार नाही. 'केसीन' हाही दुधाचाच अंश. अशा ठिकाणी सरळ 'दुधाचा पदार्थ' असं लिहावं. आणि हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवू नये. तो ठिपका शाकाहाराची खूण आहे. दूध आपल्याकडं शाकाहारीच धरतात, शेंगदाणा आणि गहू तर आहेतच.

यापेक्षाही नाजूक गोष्ट क्रियापदाची आहे. 'कंटेन्स' म्हणजे आहे, मुद्दाम घातलेलं आहे. 'मे कंटेन' म्हणजे कारखान्यानं घातलेलं नाही, पण त्याच यंत्रावर दुसरा माल होतो, त्यातला अंश इकडं आला असण्याचा धोका आहे. याचं 'असू शकतात' हे भाषांतर व्याकरणानं निर्दोष आहे. पण आपल्या बोलण्यात 'असू शकतं' म्हणजे असेल नसेल, फारसं मनावर घेऊ नका, असाच सूर निघतो. मला असं वाटतं की, ज्याच्यासाठी वाचतो आहोत त्याला ती ॲलर्जी असेल, तर पूर्ण वाक्य लिहावं : 'शेंगदाण्याचा अंश मिसळलेला असण्याचा धोका आहे.' काही जण याच्या उलट करतात. सगळीकडंच 'आहे' लिहून टाकतात, म्हणजे सुरक्षित. पण मग काय आत घातलंय आणि कशाचा नुसता धोका आहे, हे डॉक्टरांनाही कळेनासं होतं, आणि घरचे लोक दोन-चार वेळा खोटं ठरलं की चिठ्ठीच वाचणं सोडतात.

इथं युरोपातल्या पुड्यांची एक खुबी सांगायला हवी. तिकडं डिसेंबर २०१४ पासून असा नियम आहे, की ॲलर्जीच्या चौदा वस्तूंची नावं घटकांच्या यादीतच ठळक अक्षरांत किंवा दुसऱ्या कशानं तरी उठून दिसतील अशी छापायची. राय, बार्ली, तीळ, दूध हे सगळे त्या चौदांत येतात. त्यामुळं 'यात अमुक आहे' अशी वेगळी ओळ तिकडच्या पुड्यावर बहुधा नसते. आपण सवयीनं खालची ओळ शोधतो, तिथं फक्त 'मे कंटेन नट्स अँड पीनट्स' सापडतं, आणि वाटतं की भ्यायचं ते एवढ्यालाच. खरा धोका वर यादीत ठळक अक्षरांत बसलेला असतो. आणि आपण ती यादी पेनानं वहीत उतरवली की ठळकपणा नाहीसा होतो. म्हणून जे अक्षर पुड्यावर ठळक आहे, त्याच्याखाली वहीत रेघ ओढावी. हे काम पाचवीतला मुलगाही करू शकतो.

अमेरिकेच्या पुड्यावर बहुधा 'कंटेन्स'ची ओळ असते, पण तिकडच्या कायद्यातल्या नऊ वस्तूंत धान्यांपैकी फक्त गहू आहे. जव आणि राय नाहीत. म्हणजे जवाचं माल्ट घातलेल्या पदार्थावर त्या ओळीत धान्याचं नावही नसेल, आणि तरी तो चिमीला वर्ज्य. आपल्या २०२० च्या नियमांत गहू, राय, जव, ओट ही धान्यं आहेत, दूध, अंडी, मासे, झिंगे-खेकडे, शेंगदाणे, कवचाची फळं, सोयाबीन आणि ठराविक प्रमाणावरचं सल्फाइट आहे. पण त्या यादीत तीळ नाही, मोहरी नाही. दुकानातल्या आयात मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि ठिपका यांची पट्टी चिकटवलेली असते. ती पट्टी वाचून थांबू नये. मूळ पुडा वाचावा. पट्टी मूळ अक्षरांवरच चिकटवली असेल तर ती हलक्या हातानं सोडवून पाहावी, आणि सुटत नसेल तर ॲलर्जी असलेल्या माणसाला तो पुडा देऊ नये.

तीळ यादीत नसणं ही लहान बाब वाटेल. संक्रांतीला आपण सगळेच खातो. २०१६ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर पंधरा वर्षांच्या एका मुलीनं पाव घेतला. तिला तिळाची ॲलर्जी होती. तीळ वर दिसत नव्हते, पिठातच मळलेले होते, आणि वेष्टनावर तिळाचं नाव नव्हतं. विमानात तिला त्रास सुरू झाला आणि त्याच दिवशी ती गेली. तिच्या आई-वडिलांनी पाठपुरावा केला. १ ऑक्टोबर २०२१ पासून तिथं दुकानातच तयार करून आधी बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही पूर्ण यादी छापावी लागते. त्या मुलीला इंग्रजी उत्तम येत होतं. शब्दच छापलेला नव्हता. आपल्या चिठ्ठीत एखादा शब्द गळाला, तर वाचणाऱ्याची अवस्था तीच.

आता त्या जर्मन पुड्याची चिठ्ठी पुन्हा लिहू. मी ती अशी लिहीन :

'राय नावाच्या परदेशी धान्याचं पीठ. हे गव्हाच्या नात्यातलं आहे. मोहरी नव्हे. ग्लुटेन आहे. तीळ. दुधाचा पदार्थ (व्हे पावडर). मोड आणलेल्या जवाचा अर्क. जव म्हणजे बार्ली, गव्हाच्या नात्यातला. जवस किंवा ज्वारी नव्हे. ग्लुटेन आहे. यीस्ट, मीठ. शेंगदाण्याचा, आणि बदाम, काजू, अक्रोड, हेझलनट यांसारख्या फळांचा अंश मिसळलेला असण्याचा धोका आहे.'

राय, तीळ, दुधाचा पदार्थ आणि जव यांच्याखाली रेघ. मूळ उच्चार देवनागरीत ठेवला आहे, कारण डॉक्टर तो ओळखतील. 'नव्हे' हा शब्द दोनदा आला आहे. छापील भाषांतरात तो कोणी घालत नाही. पण गावात वाचणाऱ्याचं मन नेमकं कुठं घसरणार हे आपल्याला माहीत असतं, तेव्हा तिथं तो घालावाच.

चिठ्ठी बरोबर झाली का, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. ज्यानं मूळ पुडा पाहिलेला नाही अशा माणसाला चिठ्ठी द्यावी, आणि म्हणावं, "यातली प्रत्येक वस्तू मला घरातल्या डब्यांतून काढून दाखवा." शाळेत मुलांकडूनही हे करून घेता येईल. पहिली चिठ्ठी दिली असती तर आजीनं मोहरीचा डबा काढला असता, जवसाचा काढला असता, शेंगदाण्याचा काढला असता. म्हणजे तीन चुका तीन डब्यांतून समोर आल्या असत्या. दुसरी चिठ्ठी दिली तर आजी म्हणेल, "हे राय काय असतं? आपल्याकडं नाही." चिठ्ठी बरोबर उतरली आहे.

शब्द लागला नाही तर अंदाजानं भरू नये. तिथं 'कळले नाही' असं लिहावं, आणि ॲलर्जी असलेल्यानं तो पुडा खाऊ नये. नुसतं 'मसाले' लिहिलेलं असेल तर त्यात मोहरी, तीळ असतील हे धरून चालावं.

आणि कोणाला खाल्ल्यानंतर अंगावर गांधी उठल्या, ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वासात शिट्टी वाजू लागली, उलट्या होऊन डोळ्यांपुढं अंधारी आली, तर लिंबू-पाणी, ताक असले उपाय करत बसू नये. खाजेची गोळी खाज कमी करते, श्वास मोकळा करत नाही. अशा वेळी उपयोगाचं औषध म्हणजे मांडीत द्यायचं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन. १०८ ला फोन करावा, किंवा मिळेल त्या गाडीनं जवळचं आरोग्य केंद्र गाठावं. माणसाला आडवं ठेवावं, उभं करून चालवू नये. श्वास फारच लागत असेल तर बसू द्यावं. आणि तो पुडा, वेष्टनासकट, बरोबर न्यावा. चिठ्ठी नव्हे, पुडा. डॉक्टरांना मूळ अक्षरं पाहायची असतात.

चिठ्ठी पुड्याला रबरबँडनं बांधून ठेवावी, आणि पुडा संपला की तीही टाकून द्यावी. पुढच्या वर्षी मावशी त्याच नावाचा, त्याच रंगाचा पुडा आणेल. जुनी चिठ्ठी त्याला लावू नये. एकाच नावाचा माल एका देशात एका यादीनं बनतो आणि दुसऱ्या देशात दुसऱ्या. कारखाना मध्येच घटकही बदलतो. नवा पुडा आला की चष्मा पुन्हा लावायचा आणि पहिल्या शब्दापासून वाचायचं.